माप न झालेल्याची तोलाई

औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक ऑफिस होतं. दुपारी दोन ते चार या वेळात ते ऑफिस थोडं तरंगायचं. निशाला तरी तसं वाटायचं. खाली गिऱ्हाईक नसायचं, दुकानातली माणसं गाद्यांवर पाय पसरून बसायची, रस्त्यावरचे हॉर्न दूरच्या विहिरीतून आल्यासारखे यायचे आणि खिडकीच्या गजाला बांधलेल्या साडीच्या झोळीत तिची आठ महिन्यांची सायली झोपलेली असायची. निशा एका पायानं झोळीला झोका द्यायची, हातानं कंप्युटरवर काम करायची आणि डोळे कुठंतरी तिसरीकडंच असायचे.

ऑफिस ऋतुराज सरांचं. कार्यक्रम भरवण्याचं काम. निशा तिथं सगळंच करायची. जाहिरातीचा मजकूर लिहायचा, वेबसाइटवर चढवायचा, तिकिटांचे फोन घ्यायचे. पोरीला घेऊन आलं तरी सर काही म्हणत नसत. आजकाल असं कोण ठेवून घेतं? म्हणून निशाच्या मनात त्यांच्याबद्दल एक मऊ कोपरा होता.

‘दुपारची नीज’ ही कल्पना तिचीच. असल्याच एका दुपारी, पाय झोळीला आणि मान छातीवर पडलेली असताना, तिला ते दिसलं होतं. गंगापूर रस्त्यावरच्या लॉनवर चिंचेची मोठमोठी झाडं आहेत. त्यांच्याखाली चटया, चटयांवर स्वच्छ गोधड्या, फांद्यांना झोळ्या. आया येतील, पोरांना झोळीत टाकतील आणि स्वतः आडव्या होतील. कुणीतरी म्हातारं माणूस पाळणे म्हणेल. दोन तास कुणी कुणाला उठवायचं नाही. बस, एवढाच कार्यक्रम.

“झोपायला तिकीट?” ऋतुराज सर हसले होते. मग हसता हसता थांबले. “नाही, चालेल. लिहा तुम्ही.”

तिनं लिहिलं. “आई, तू शेवटची कधी झोपली होतीस?” एवढ्याच ओळीनं पान सुरू होत होतं. तिकीट दोनशे नव्याण्णव, लवकर घेणाऱ्यांसाठी. वर एकूणपन्नास रुपये प्रोसेसिंग चार्ज. कार्यक्रमाला दोन महिने होते, तरी पंधरा दिवसांत चारशे बारा तिकिटं गेली. त्यातली तेवीस मनकर्णाआत्यानं विकली होती.

मनकर्णाआत्या ही निशाची सख्खी आत्या नव्हे. लासूर स्टेशनला निशाचं माहेर. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, निशाची आई आणि मनकर्णाबाई जोडीनं धान्य चाळायच्या, झाडलोट करायच्या. तान्ह्या निशाला बाजरीच्या पोत्यांवर टाकून मनकर्णाबाई काम करता करता पाळणा म्हणायची. हमाल पाठीवरचं पोतं हळू टाकायचे, पोरगी उठू नये म्हणून. त्यामुळं पाळणे म्हणायला कोण, असं सरांनी विचारलं तेव्हा निशाला दुसरं नावच सुचलं नाही.

आत्याला हे लई नवल वाटलं. “झोपवायचे पैसे देतेत व्हय? मी तुला फुकट झोपवलं की गं.” पण तिनं मनावर घेतलं. लासूरच्या घराघरांत गेली. सुनांना म्हणाली, एक दिवस चला, मी हाये. तेवीस बायांचे प्रत्येकी तीनशे अठ्ठेचाळीस रुपये गोळा करून, पिशवीत बांधून, एसटीनं येऊन तिनं इथं याच टेबलावर रोख दिले आणि छापील तिकिटं मोजून नेली होती.

आणि आता कार्यक्रम रद्द झाला होता.

सकाळी सरांनी सांगितलं, अगदी सहज. “अपरिहार्य कारणास्तव, असं टाका निशाताई. तिकिटाचे पैसे परत, पाच ते सात कामाच्या दिवसांत. प्रोसेसिंग चार्ज वगळून.”

“कारण काय सर?”

“एक हजार तिकिटं गेली असती तर परवडलं असतं. चारशेत लॉनचं भाडंपण निघत नाही.”

निशाला वाटलं, निदान लॉनवाल्याला तरी आपणच कळवावं. बिचाऱ्यानं तारीख अडवून ठेवली असेल. तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ वही चाळत होता.

“कोणतं बुकिंग मॅडम? त्या दिवशी आमच्याकडं लग्न आहे. मार्चपासून बुक आहे.”

“ऋतुराज सरांनी अॅडव्हान्स दिला असेल ना?”

“विचारून गेले होते. दिलं काही नाही.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ झोळीला झोका द्यायला विसरली. चिंचेची झाडं तिच्या डोळ्यांपुढून एक एक करून चालायला लागली. सावल्या गोळा करून, गोधड्या गुंडाळून निघालेली झाडं. म्हणजे ती तिथं कधी नव्हतीच. यंदाच्या वर्षात असं तिसऱ्यांदा झालं होतं. जानेवारीत हुरड्याची सहल, मग सुगंधांची कार्यशाळा. दोन्हींची तिकिटं आधी विकली, दोन्ही रद्द, दोन्ही वेळा चार्ज वगळून पैसे परत. कुणी तक्रार केली नव्हती. पैसे परत आले की माणसाला वाटतं, बरा माणूस आहे. एकूणपन्नास रुपयांसाठी कोण भांडतं?

तिनं रद्द झाल्याचा मजकूर वेबसाइटवर चढवला आणि आत्याला फोन केला.

त्याच दुपारी आत्या आली.

जिना चढताना तिची धाप आधी आली, मग हिरवं लुगडं, मग ती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तेवीस तिकिटं, रबर लावलेली. आधी झोळीत डोकावली. “निजली व्हय माझी बाय.” मग खुर्चीवर न बसता भिंतीशी उभ्या केलेल्या बॅनरच्या गुंडाळीवर टेकली. त्या बॅनरवर निशाचीच ओळ छापली होती.

“रद तर रद,” आत्या म्हणाली. “पाऊसपाणी, लग्नकार्य, व्हतं असं. बायांचे पैसे दे. मला पाचच्या गाडीनं जायचंय.”

आतल्या काचेच्या खोलीतून ऋतुराज सर बाहेर आले. नमस्कार केला, पाणी मागवलं. माणूस गोड होता, त्यात खोटं नाही. स्वतः ड्रॉवर उघडून नोटा मोजल्या आणि आत्यापुढं ठेवल्या. “सहा हजार आठशे सत्याहत्तर. बघून घ्या आजी.”

आत्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण मोंढ्यात चाळीस वर्षं गेलेली बाई. तिनं नोटा मोजल्या आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं.

“हे कमी हायेत.”

“तिकिटाचे पूर्ण आहेत आजी. फक्त प्रोसेसिंग चार्ज परत मिळत नाही.”

“ते काय असतं?”

“म्हणजे... पैसे घेण्याचा, तिकीट देण्याचा खर्च. पैसे बँकेतून येताना मधली कंपनी कापून घेते. ते ती परत देत नाही. मी कुठून आणू?”

“व्हय, पर म्या तर हातानं दिले,” आत्या म्हणाली. “ह्याच टेबलावर. ही बसली व्हती समोर. मधी कोण व्हतं?”

सर हसले. मधे कोणीच नव्हतं. रोख पैशाला ना मशीन लागलं, ना बँक. तिकिटं छापायला पन्नास पैसेसुद्धा लागले नसतील. निशानं आत्याकडून तीनशे अठ्ठेचाळीस घेतले, कारण पानावर तीनशे अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. तिच्या डोक्यात आलंच नाही.

“मोंढ्यात बघ,” आत्या आता निशाकडं वळली, जशी लहानपणी वळायची. “शेतकऱ्यानं माल आणला. सौदा ठरला. काट्यावर माप झालं, तर तोलाई कापायची. पोतं उचललं, तर हमाली. आन् माप व्हायच्या आधीच व्यापारी म्हणला, मला नको माल, तर? पोतं जसं आलं तसं गाडीत. कोण तोलाई घेतं? घेईल तर त्याला मोंढ्यात उभं करत नाईत. माप न झालेल्याची तोलाई म्या तर नाय ऐकली बाई.”

“आजी, तो मोंढा झाला, हे—”

“तसं नव्हं साहेब. मला पैशाचं नाय.” आत्यानं नोटा पुन्हा टेबलावर ठेवल्या. “म्या बायांकडून तीनशे अठ्ठेचाळीस घेतले. आता दोनशे नव्याण्णव घेऊन जाऊ? एकेकीला काय सांगू? पोरासिंग की काय ते? त्यांच्या नवऱ्यांना काय सांगतील त्या? म्हणतील, मनकर्णीनं मधी दलाली खाल्ली. चाळीस वर्ष दलालांच्या पायाशी दाणे येचले साहेब. एक दाणा पदराला बांधला नाय. आता म्हातारपणी एकूणपन्नास रुपयांनी बांधू?”

खालून कापड फाडल्याचा लांब आवाज आला.

सरांनी एकदा निशाकडं, एकदा आत्याकडं पाहिलं आणि खिशातलं पाकीट काढून आणखी नोटा टेबलावर ठेवल्या. “बरं. तुमचे अकराशे सत्तावीस मी माझ्याकडून देतो. पूर्ण झाले. पण हे फक्त तुमच्यासाठी हां आजी, बाहेर बोलू नका. सगळ्यांना द्यायला लागलो तर दुकान बंद करावं लागेल.”

निशाला वाटलं, संपलं. आत्याचं नाव राहिलं. आता आत्या उठेल, सायलीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडेल आणि पाचची गाडी पकडेल. तिला तेच हवं होतं. तिनं डोळे क्षणभर मिटलेसुद्धा.

आत्यानं नोटांना हात लावला नाही. “माझ्यासाठी का? म्या आरडले म्हणून?”

“तसं समजा.”

“मंग ज्या इथं येऊन आरडल्या नाईत, त्यांचे एकूणपन्नास कोणी द्यायचे?”

मिटलेल्या डोळ्यांआड निशाला ती दुपार दिसली, जी ती गेले काही दिवस नीट पाहायचं टाळत होती. बारा दिवसांपूर्वीची. लवकरच्या तिकिटांची मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती, विक्री बंद झाली होती. सायलीला ताप होता, ती मांडीवर होती, गरम, गाठोड्यासारखी. सर येऊन म्हणाले होते, “नियमांतली एक ओळ बदलायची आहे, दोन मिनिटांचं काम.” जुनी ओळ निशानंच लिहिली होती: ग्राहकाने तिकीट रद्द केल्यास प्रोसेसिंग चार्ज परत मिळणार नाही, कार्यक्रम आयोजकांनी रद्द केल्यास भरलेली पूर्ण रक्कम परत मिळेल. सरळ गोष्ट वाटली म्हणून सरळ लिहिली होती. त्या जागी तिनं एका हातानं टाइप केलं: कोणत्याही कारणाने कार्यक्रम रद्द झाल्यास प्रोसेसिंग चार्ज परत मिळणार नाही. बटण दाबलं. पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली. विचारलं नाही.

तिला आता लख्ख कळलं. विक्री संपल्यावर नियम कोण बदलतं? ज्याला ठाऊक असतं, काय होणार आहे ते.

“आत्या,” ती म्हणाली, “ते तिकीट दे बरं एक.”

आत्यानं रबर काढलं. तिकिटाच्या मागं बारीक अक्षरांत ती जुनी ओळ होती. वेबसाइटवरची पुसता आली, छापलेली कशी पुसणार? निशानं ती मोठ्यानं वाचली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही, झोपेत बोलतो तसा होता.

“सर, ज्यांनी ऑनलाइन घेतली त्यांच्या मेलमध्येही हेच आहे. तिकिटासोबत नियम जातात. सगळ्या तीनशे एकोणनव्वद मेलमध्ये.”

“मेल कोण वाचतं निशाताई?” सर हळू म्हणाले. रागावले नव्हते, थकल्यासारखे वाटले. “ती मधली कंपनी, गेटवे, खरंच कापतं हो.”

“तिकिटामागं जास्तीत जास्त आठ रुपये कापतं. मी हिशोबाचे कागद बघते ना. बाकीचे एक्केचाळीस?”

“भाडं. वीज. तुमचा पगार.” शेवटचा शब्द त्यांनी अगदी मऊ उच्चारला, म्हणून तो जास्त लागला.

झोळी हलली. सायली जागी झाली आणि सूर लावला. उन्हात अर्धवट उठलेल्या पोराचं ते रडणं, ज्याला कारण नसतं आणि अंतही नसतो. निशा उठणार तोच आत्यानं हात केला. गुंडाळीवरून सरकून ती झोळीशी बसली, साडीची कड बोटात धरली आणि सुरू केलं. गाणं कसलं, गुणगुणणंच ते, खर्जातलं, घोगरं.

“नीज गं मैने, नीज गं साळू, काटा मोंढ्याचा निजला,
पोत्याच्या राशीवर माझ्या चिमणीचा जीव निजला.
हमालदादा, पाय हळू रं, दाणा दाण्याशी बोलतो,
सांजंपातुर जागा राहून सूर्व्या तुझी झोळी झुलवतो.”

त्या आवाजात काय होतं कोण जाणे. रडणं आधी अडखळलं, मग विरलं. खालच्या दुकानातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. पंख्याचा आवाज बाजरी चाळल्यासारखा येऊ लागला. निशाला खोलीभर ती जुनी धूळ दिसली, सोनेरी, तरंगणारी, आणि तिच्यातून पाठीवर पोती घेतलेली माणसं पावलांचा आवाज न करता चाललेली. तिनं पाहिलं, तर ऋतुराज सर खुर्चीत मागं रेलले होते. तोंड किंचित उघडं. झोपले होते. झोपेत ते अगदी लहान दिसत होते. तेही किती दिवस झोपले नसतील, असं तिच्या मनात आलं. मऊ कोपरा अजून होता तिथंच. पण आता त्यात एक खडा होता.

तिला स्वतःला झोपायचं होतं, फार. पापण्या मधासारख्या चिकटत होत्या. ती झोपली नाही. तिनं कंप्युटर जवळ ओढला आणि परताव्याची यादी उघडली. एकेका ओळीत एकेक नाव, एकेक व्यवहार क्रमांक आणि पुढं रक्कम. सकाळी तिनंच भरलेली: २९९, २९९, २९९. ती नावं तिला पाठ झाली होती. रत्नमाला, पहिल्याच तासात तिकीट घेतलेली. मंजुषा, जिनं फोन करून विचारलं होतं, “जुळी आहेत, दोन झोळ्या मिळतील ना?” निशानं होय म्हटलं होतं. झाडं नव्हती आणि तिनं झोळ्या कबूल केल्या होत्या.

तिनं तो सगळा रकाना पुसला आणि भरला. ३४८. खालपर्यंत, तीनशे एकोणनव्वद वेळा.

यादी चढवली तरी परतावा होत नसतो. ओटीपी सरांच्या मोबाइलवर येतो. तो आला. टेबलावर मोबाइल थरथरला आणि सर जागे झाले. क्षणभर त्यांना आपण कुठं आहोत ते कळलं नाही. मग त्यांनी पडदा पाहिला.

“हे काय केलंत?”

“पानावर लिहिलं होतं तेवढं टाकलंय. चालवायचं की नाही ते तुमच्या हातात आहे,” निशा म्हणाली. “पण २९९ ची यादी माझ्या हातून जाणार नाही सर. आणि कुणी फोन करून विचारलं तर मी जुनी ओळ वाचून दाखवीन. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मागितला तर तोही देईन. नोकरीचं तुम्ही ठरवा.”

बोलून झाल्यावर तिनं हलणाऱ्या झोळीकडं पाहिलं. गंगापूरच्या घराचा हप्ता, नवऱ्याची, अतुलची कंत्राटी नोकरी, सगळं एका झोक्यात पुढं आलं आणि दुसऱ्या झोक्यात मागं गेलं.

सरांनी मोबाइलवर खातं उघडलं. आत्यानं पाळणा थांबवला होता, पण झोळी हलवणं नाही.

“खात्यात तेवढे नाहीतच,” ते म्हणाले. “गेटवेवर आधी भरावे लागतील. एकोणीस हजार.”

“किती वेळ लागतो भरायला?”

“पाच मिनिटं.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग आत्याकडं न बघता विचारलं, “आजी, त्या मोंढ्यात... असल्या माणसाला परत उभं करतात का कधी?”

आत्यानं विचार केला. ती उगाच होय म्हणणाऱ्यातली नव्हती.

“काटा नीट करून आणला तर करतेत,” ती म्हणाली. “लगेच नाय. दोन-तीन हंगाम बघतेत.”

सरांनी पैसे भरले. नवा ओटीपी आला तेव्हा एकेक आकडा सुटा सुटा वाचला, जसा लहान मुलगा अवघड धडा वाचतो. निशानं टाकला. पडद्यावर एक हिरवी रेघ हळूहळू पुढं सरकू लागली.

“पगार या महिन्यात उशिरा होईल,” ते म्हणाले. “किती उशिरा, ते सांगता येत नाही.” आणि काचेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. उद्या यायचं की नाही, हे ते बोलले नाहीत. तिनं विचारलंही नाही.

आत्यानं टेबलावरच्या नोटा आता उचलल्या, आठ हजार चार. तीनशे अठ्ठेचाळीसच्या तेवीस घड्या घातल्या, प्रत्येक घडीला तिचं तिकीट गुंडाळलं. पिशवीला गाठ मारली. मग बॅनरची गुंडाळी पायानं ढकलून जमिनीवर उलगडली, कोरी बाजू वर. त्यावर आपली शाल घातली.

“पाचची गाडी चुकेल आत्या.”

“सहाची बी असती. ये हिकडं. पड.”

“मी?”

“मंग कोण? तिकीट कशाचं व्हतं?”

निशा आडवी झाली. पाठीखाली बॅनर गार लागला. कंप्युटरवर ती हिरवी रेघ अजून सरकत होती, एकेका नावावरून, रत्नमालेवरून, मंजुषेवरून, जुळ्यांवरून. आत्याचा घोगरा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि वरच्या पंख्याच्या पात्यांना हळूहळू चिंचेची पानं फुटायला लागली.

“सहाला उठव,” ती म्हणाली.

“नाय उठवत,” आत्या म्हणाली. “झोप. मी हाये.”